प्रश्नाला धरून

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत दोन प्रकारची उत्तरे कमी गुण मिळवतात. पहिल्यात माहिती चुकलेली असते. दुसऱ्यात माहिती बरोबर, सनावळी बिनचूक आणि भाषा नीटस असते, तरी परीक्षकाच्या हातून गुण सुटत नाहीत, कारण लिहिले आहे ते विचारलेले नसते. पहिली चूक पुस्तक उघडले की सापडते. दुसरी लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. मजकूर खरा असल्यामुळे तो वाचताना कुठेही खटकत नाही. ही चूक पकडण्याची एक साधी रीत आहे. उत्तर लिहून झाल्यावर प्रश्नातले कळीचे शब्द अधोरेखित करायचे आणि प्रत्येक परिच्छेद त्या शब्दांसमोर उभा करून तपासायचा.

इतिहासात ही चूक अधिक होते, त्याला कारण आहे. या विषयाची तयारी गोष्टीसारखी होते आणि गोष्टीला स्वतःचा ओघ असतो. नारायणरावाच्या खुनापासून सुरुवात केली की बारभाई येतात, बारभाईंच्या मागून सालबाईचा तह येतो, आणि लेखणी सनावळीच्या उतारावरून आपोआप पुढे जाते. त्यातच बहुतेक विद्यार्थी एखाद्या प्रकरणावर एक उत्तर आधीच तयार करून ठेवतात. परीक्षेत आलेला प्रश्न त्या प्रकरणावरचाच, पण जरा वेगळ्या अंगाने विचारलेला असतो. तयार उत्तर मात्र जसेच्या तसे कागदावर उतरते.

रीत नीट कळण्यासाठी एक प्रश्न घेऊ. पदवीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या पातळीवर तो असा येऊ शकतो : ‘१७७२ ते १८१८ या काळातील मराठी सत्तेच्या ऱ्हासास अंतर्गत कलह कितपत कारणीभूत ठरला? चिकित्सक चर्चा करा.’

यात कोणते शब्द अधोरेखित करायचे? सगळेच केले तर काहीच केले नाही असे होते. निवडीची कसोटी अशी, की शब्द काढून किंवा बदलून पाहावा, आणि अपेक्षित उत्तर बदलत असेल तरच त्याखाली रेघ ओढावी. ‘या काळातील’ हे शब्द काढले तरी फरक पडत नाही. ‘१७७२ ते १८१८’ काढले तर मात्र पानिपतही आत येते, म्हणून त्याखाली रेघ हवी. ‘मराठी सत्ता’ऐवजी ‘पेशवाई’ असते तर पुण्याच्या दरबारावर भागले असते. आता शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि गायकवाड यांनाही उत्तरात जागा द्यावी लागते. ‘ऱ्हास’ म्हणजे बळ ओसरत जाणे. ती लांबलेली प्रक्रिया आहे, एका लढाईतला पराभव नव्हे. ‘अंतर्गत कलह’ हे दोन्ही शब्द मिळून एक कळ आहे. त्यातला ‘कलह’ गाळला तर दुबळे नेतृत्व, रिकामा खजिना, वतनदारी असे सगळेच अंतर्गत दोष आत शिरतील.

राहिला ‘कितपत’. हा शब्द सर्वांत लहान, आणि दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. त्याच्या जागी ‘कसा’ घातला तर कलहाची हकिगत सांगून उत्तर संपते. ‘कितपत’ असल्यामुळे कलहाचा वाटा मोजावा लागतो, आणि वाटा मोजायचा तर शेजारी दुसरी कारणे मांडल्याशिवाय गत्यंतर नसते. ‘चिकित्सक चर्चा’ हे शब्दही तेच मागतात. उलट बाजूचा पुरावा घेऊन मगच मत द्यावे, अशी त्यांची मागणी असते. म्हणजे या प्रश्नातल्या कळीच्या शब्दांचे दोन गट पडतात. काही शब्द विषय आखून देतात आणि काही शब्द त्या विषयाचे काय करायचे ते सांगतात. बहुतेक उत्तरे पहिल्या गटाला धरून असतात आणि दुसऱ्या गटापाशी घसरतात.

रेघा ओढून झाल्या की परिच्छेदांकडे वळायचे. परिच्छेद आधीच्या आणि नंतरच्या मजकुरापासून तोडून, एकटा वाचावा. सलग वाचले तर ओघ पुन्हा तपासणाऱ्यालाच वाहून नेतो, म्हणून शेवटच्या परिच्छेदापासून उलटे वाचत येणे अधिक सोयीचे पडते. प्रत्येक परिच्छेदाला दोन गोष्टी विचारायच्या. अधोरेखित शब्दांपैकी तो कोणत्या शब्दाचे काम करतो? आणि तो वाचून प्रश्नाच्या उत्तरात नेमके कोणते विधान मिळते? ते विधान समासात पेन्सिलीने अर्ध्या ओळीत लिहावे. ‘नारायणरावाचा खून’ हे विधान नव्हे, तो मथळा झाला. ‘गादीच्या भांडणाने कंपनीला आत घेतले’ हे विधान आहे. समासात नुसता मथळाच सुचत असेल, तर त्या परिच्छेदात माहिती आहे पण उत्तर नाही, हे तिथेच कळते.

आता वरच्या प्रश्नाचे एक सरासरी उत्तर तपासू. त्यात सात परिच्छेद आहेत.

पहिल्या परिच्छेदात पानिपत आहे. १७६१चा पराभव, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊंचा मृत्यू, नंतर थोरल्या माधवरावांनी सावरलेला कारभार असा मजकूर आहे. कालखंडाच्या रेघेपाशीच तो अडतो. शिवाय पानिपत हा बाहेरच्या शत्रूकडून झालेला पराभव. तेव्हा कलहाच्या रेघेखालीही तो बसत नाही. तरी सगळा परिच्छेद खोडायचे कारण नाही. १७७२ हीच सुरुवात का, हे सांगणारे एक वाक्य त्यातून काढता येते : पानिपतानंतर माधवरावांनी घर सावरले होते, म्हणून नोव्हेंबर १७७२मध्ये थेऊरला झालेला त्यांचा मृत्यू ही खरी सुरुवात. उरलेल्या ओळी गेल्या तरी उत्तराचे काहीच बिघडत नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावाच्या खुनाचे सविस्तर वर्णन आहे. गारदी, सुमेरसिंग, आनंदीबाई असे सगळे जण त्यात हजर आहेत. काळ बरोबर आहे आणि कलहही आहे, त्यामुळे वरवर पाहता परिच्छेद पास होतो. समासात विधान लिहायला गेले की मात्र हात थांबतो, कारण खुनामुळे सत्तेचा ऱ्हास कसा झाला हे कुठेच सांगितलेले नाही. या परिच्छेदातली माहिती प्रश्नाच्या जवळ आहे, पण प्रश्नाशी बांधलेली नाही. असा परिच्छेद काढायचा नसतो, जोडायचा असतो. गाद्या-कटाच्या चार ओळी कमी करून सूरतेच्या तहाचे एक वाक्य घातले की काम होते. मार्च १७७५मध्ये पेशवेपदासाठी रघुनाथरावाने इंग्रजांची फौज मागितली आणि बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. घरातल्या भांडणात कंपनी पहिल्यांदा पक्षकार झाली ती इथे, आणि साष्टी पुढे इंग्रजांकडेच राहिली.

तिसरा परिच्छेद नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्याविषयी आहे. नानांचे हेरखाते, महादजींचे दिल्लीतले वर्चस्व, द बॉयनने उभारलेली पायदळाची कवायती पलटणे, असे त्याचे स्वरूप गौरवाचे आहे. परीक्षक याच्यापाशी बहुधा ‘विषयांतर’ लिहील. पण यात एक ओळ अशी आहे, की ती पुढे ओढली तर परिच्छेद उत्तराचा कणा होऊ शकतो. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांनी शरण आणले, ही ती ओळ. त्या वेळीही घरात फूट होतीच, रघुनाथराव प्रत्यक्ष इंग्रजांच्या छावणीत होता. तरीही पुणे दरबार, शिंदे आणि होळकर एकत्र राहिले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावांचे पेशवेपद इंग्रजांनी मान्य केले. म्हणजे नुसता कलह होता एवढ्याने ऱ्हास ठरत नाही. सरदार एकत्र राहिले तर कलह निभावून नेता येत होता. ‘कितपत’ला असे उत्तर हवे असते, आणि ते गौरवाच्या ओळींखाली दबून गेले होते.

चौथा परिच्छेद या उत्तरातला सर्वांत मजबूत. महादजी १७९४मध्ये गेले, सवाई माधवराव १७९५मध्ये, आणि त्यांच्यामागे पेशवेपदाचा घोळ वर्षभर चालला. तुकोजी होळकरांनंतर त्यांच्या मुलांत वाद पेटला, १८००मध्ये नाना गेले, १८०१मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात क्रूरपणे मारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने हडपसरजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. कलहातून तहापर्यंतची साखळी इथे पूर्ण आहे, समासातले विधानही लगेच सुचते. एक उणीव राहते. साखळी सांगितली आहे, तिचे वजन सांगितलेले नाही. परिच्छेदाच्या शेवटी एवढे म्हटले पाहिजे, की वडगावच्या वेळी निभावलेली फूट या वेळी निभली नाही, कारण ती मिटवू शकणारे माणूस उरले नव्हते.

पाचव्यात वसईच्या तहाची कलमे एकामागून एक दिली आहेत. सहा हजार तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडणे, परक्या सत्तांशी इंग्रजांना विचारल्याखेरीज बोलणे न करणे. ‘वसईच्या तहाचे परिणाम लिहा’ या प्रश्नाला हे पूर्ण गुणांचे उत्तर झाले असते. इथे त्यातले शेवटचे कलम पुरेसे आहे, कारण पेशव्याला बाकीच्या सरदारांपासून कायदेशीरपणे तोडणारे तेच आहे. तयार उत्तराची ठिगळे सहसा अशा जागी दिसतात. परिच्छेद आतून सुबक असतो, पण तो दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचा असतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ओळखून तो प्रश्न समासात लिहिला, तर किती ठेवायचे आणि किती काढायचे ते आपसूक ठरते.

सहावा परिच्छेद १८०३च्या युद्धाचा. असईची लढाई, वेल्स्लीने कैलना नदीचा उतार कसा शोधला, शिंद्यांच्या तोफखान्याने किती नुकसान केले, यात दहा ओळी गेल्या आहेत. लढाईच्या वर्णनात फार कमी ओळी प्रश्नाला धरून असतात, पण त्या लिहिताना लेखकाला सगळ्यात जास्त गोडी वाटते. प्रश्नाला इथून एकच गोष्ट हवी आहे : शिंदे आणि भोसले लढत असताना होळकर अलिप्त राहिला, आणि १८०४मध्ये होळकर लढायला उठला तेव्हा शिंदे-भोसल्यांनी आधीच तह करून टाकले होते.

सातव्या परिच्छेदापाशी ही रीत यांत्रिकपणे वापरणारा फसतो. त्यात कंपनीच्या बळाची चर्चा आहे. बंगालचा महसूल हाती असल्यामुळे तिच्या फौजेचा पगार भागत होता, तर मराठी सरदारांच्या फौजांची थकबाकी हे नेहमीचे दुखणे होते. शिंद्यांच्या कवायती फौजेतले अनेक युरोपीय अधिकारी १८०३मध्ये ऐन वेळी सोडून गेले, आणि सेनापती पेराँही त्यांत होता. या परिच्छेदात ‘कलह’ हा शब्द एकदाही येत नाही. शब्द जुळतो का एवढेच पाहिले तर तो बाद ठरेल. प्रत्यक्षात ‘कितपत’ या शब्दाचे काम सबंध उत्तरात तोच परिच्छेद सर्वांत अधिक करतो, कारण कलह नसता तरी काय अडचण उरली असती, हे तो दाखवतो. त्याला हवे आहे फक्त पहिले वाक्य, उदाहरणार्थ : ‘सरदार एकदिलाने लढले असते तरी कंपनीच्या पैशाचा आणि फौजेच्या सातत्याचा प्रश्न शिल्लकच होता.’ तेवढ्याने परिच्छेद आपल्या जागी बसतो.

याच्या उलट फसवणूकही होते. काही विद्यार्थ्यांना कोणीतरी सांगितलेले असते, की प्रश्नातले शब्द उत्तरात पुन्हा पुन्हा यायला हवेत. मग प्रत्येक परिच्छेद ‘अशा प्रकारे अंतर्गत कलह मराठी सत्तेच्या ऱ्हासास कारणीभूत ठरला’ या वाक्याने संपतो, मधला मजकूर काहीही असो. ती शेपूट झाकून परिच्छेद वाचावा. उरलेल्या मजकुरातून तेच विधान निघत असेल तर शेपूट निरुपद्रवी, निघत नसेल तर ती लटकी. पेपर तपासण्याचा सराव असलेल्याला असे वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच कळते.

परिच्छेदाकडून शब्दाकडे पाहून झाले, की एकदा उलट दिशेने पाहावे लागते. प्रत्येक अधोरेखित शब्द घेऊन त्याचे काम कोणता परिच्छेद करतो ते शोधायचे. पहिल्या तपासणीत फालतू काय आहे ते कळते, या दुसरीत राहून काय गेले ते कळते. वरच्या उत्तरात ‘१८१८’ हा आकडा घेतला की उघड होते, की उत्तर १८०५च्या पुढे गेलेलेच नाही. तेरा वर्षे गळाली आहेत आणि ती या प्रश्नासाठी मोलाची आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बाजीरावाची फौज खडकीला लढली आणि त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहाने इंग्रजांना साथ द्यायचे कबूल केले. नागपूरकर भोसल्यांची फौज नोव्हेंबरअखेर सीताबर्डीला लढली, होळकरांची २१ डिसेंबरला महिदपूरला, आणि महिदपूरच्या आदल्या दिवशी होळकरांच्याच छावणीत तुळसाबाईला मारण्यात आले. गायकवाड इंग्रजांच्या बाजूला होते. कलहाचा याहून ठळक पुरावा नाही, आणि तोच उत्तरात नाही. ‘मराठी सत्ता’ या रेघेनेही हीच त्रुटी सापडली असती, कारण आतापर्यंतच्या मजकुरात बडोद्याचे नावच आलेले नाही. मात्र या वर्षांतही वाटा मोजताना सावध राहावे लागते. १८१७पर्यंत तैनाती फौजांनी आणि तहांनी सरदारांचे हात आधीच बांधलेले होते. तेव्हाची फूट ऱ्हासाचे कारण होती की त्याचे फळ, हा प्रश्न उत्तरात उपस्थित केला तर ‘चिकित्सक’ या शब्दाचेही काम होते.

घरी सराव करताना हे सगळे सावकाश करता येते. परीक्षेच्या दालनात तेवढी सवड नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात पंधरा गुणांच्या प्रश्नाला अडीचशे शब्द असतात, तिथे अख्खा परिच्छेद चुकला तर उत्तराचा चौथा हिस्सा गेला. म्हणून तिथे रेघा उत्तर लिहिण्यापूर्वीच ओढाव्यात आणि शेवटची दोन मिनिटे फक्त प्रत्येक परिच्छेदाचे पहिले आणि शेवटचे वाक्य वाचण्यासाठी ठेवावीत. जोडणारे वाक्य बहुधा याच दोन जागी असते किंवा नसते. प्रश्नपत्रिकेवर आसनक्रमांकाखेरीज काही लिहू नये अशी सूचना असेल, तर ते चार-पाच शब्द कच्च्या कामाच्या जागेत उतरवून घ्यावेत. बाद ठरलेल्या मजकुरावर एक सरळ आडवी रेघ पुरे, गिरवून काळे करण्यात वेळ जातो. पण जो परिच्छेद एका वाक्याने जोडता येतो तो खोडू नये, त्या वाक्यासाठी परिच्छेदाखाली ओळभर जागा सोडून लिहिण्याची सवय उपयोगी पडते.

छाटणी अति झाली तरी उत्तर बिघडते. पार्श्वभूमीचे एखादे वाक्य कोणत्याच रेघेखाली येत नाही, तरी त्याच्यावाचून पुढचे समजत नाही. बारभाई म्हणजे कोण, हे अर्ध्या ओळीत सांगणे विषयांतर ठरत नाही. साधारण हिशेब असा, की पार्श्वभूमी वाक्यात मावत असेल तर ठेवावी, परिच्छेद मागू लागली तर संशय घ्यावा.

या तपासणीने मजकूर खरा आहे की खोटा हे कळत नाही. वसईचा तह १८०२ऐवजी १८०४मध्ये झाला असे लिहिले, तरी तो परिच्छेद कळीच्या शब्दांच्या कसोटीवर उत्तीर्णच होईल. युक्तिवाद पटण्याजोगा आहे का, हेही तिच्या कक्षेत येत नाही. आणि ‘टीपा लिहा’ या सदराखाली ‘सालबाईचा तह’ एवढेच विचारले असेल, तर रेघ ओढायला शब्दच उरत नाहीत. तिथे विद्यार्थ्याला प्रश्न स्वतः घडवावा लागतो. तह कोणात झाला, कशामुळे झाला, त्यात काय ठरले आणि त्याने पुढे काय बदलले, असे चार प्रश्न पेन्सिलीने लिहून घेतले की टीपेतली प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर तशीच तपासता येते.